रसवंतीचे छोटे यंत्र: आधी ऊस, मग फट, मग गिअर आणि शेवटी मोटर

रसवंतीच्या गाड्यासाठी यंत्र बांधून घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "मोटर किती एचपीची टाकू?" मग कुणीतरी एक सांगतो, कुणीतरी तीन सांगतो, मोटर घेतली जाते आणि तिच्याभोवती बाकीचे यंत्र जुळवले जाते. सगळा घोळ इथून सुरू होतो. यंत्र वर्कशॉपमध्ये छान फिरते, पण गाडा रस्त्यावर लागला की पहिल्याच आठवड्यात घुमते आणि बसते. नाहीतर मोटर टिकते आणि गिअरचे दात जातात.

खरा क्रम उलटा आहे. ऊस किती जाड, तो दाबायला किती जोर लागतो, रोलर किती वेगाने फिरवायचे, त्यासाठी गिअर कोणता, हे ठरले की मोटरचा आकडा आपोआप पुढे येतो. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ उभा राहणारा, एका माणसाने चालवायचा, तीन रोलरचा गाडा. रोलर १०० मिमी व्यासाचे आणि १५० मिमी लांबीचे. वरचा रोलर मोटरवर फिरतो, खालचे दोन त्याच्याशी दातांनी जोडलेले. तुमचे रोलर वेगळ्या मापाचे असतील तर आकडे बदलतील, पायऱ्या याच राहतील.

## तयारी: वर्कशॉपला जाण्याआधी

तीन मापे घरीच घेऊन ठेवा.

पहिले माप उसाचे. ज्याच्याकडून मोळ्या घेणार त्याच्याकडचे दहा-बारा ऊस घ्या आणि बुडख्याकडच्या पेराची जाडी व्हर्निअरने मोजा. आपल्याकडे को ८६०३२ आणि फुले २६५ हे वाण सगळीकडे दिसतात, पण एकाच वाणाचा ऊस पाण्याप्रमाणे बारीक-जाड निघतो, म्हणून वाणाच्या नावावर विसंबू नका. उदाहरणातला ऊस ३० मिमीचा धरला आहे.

दुसरे माप विजेचे. गाडा जिथे लावणार त्याच जागी, ज्या बोर्डावरून वीज घेणार त्याच बोर्डावर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहा. सकाळी पाहून उपयोग नाही. एप्रिलच्या दुपारी सगळीकडचे कूलर चालू असताना आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पाहा, कारण धंद्याची वेळ तीच आहे. उदाहरणातल्या जागी भर दुपारी १८० व्होल्ट मिळतात. हा आकडा पुढे मोटर ठरवताना निर्णायक ठरेल. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर यातले काहीच ठरवता येत नाही, आणि ती जिवावरही बेतते. महावितरणचे रीतसर कनेक्शन असलेल्या दुकानदाराशी बोलून घ्या किंवा स्वतःचे घ्या.

तिसरे माप बोर्डापासून गाड्यापर्यंतच्या वायरचे. गाडा जिथे उभा राहतो तिथपर्यंत दोरी टाकून मोजा. आपल्या उदाहरणात ३० मीटर.

> तपासा: उसाची जाडी, भर दुपारचे व्होल्टेज आणि वायरची लांबी, हे तिन्ही आकडे कागदावर लिहिलेले नसतील तर वर्कशॉपला जाऊ नका.

## पायरी १: रोलर आणि बुश आधी ताठ करा

रोलरांमधली फट ठरवायच्या आधी ती टिकेल की नाही हे पाहायचे. जुने यंत्र घेत असाल तर ही पायरी सर्वात महत्त्वाची.

वरच्या रोलरच्या शाफ्टखाली पहार घालून तो वर उचलून पाहा. कटकट आवाज आला आणि शाफ्ट हलताना डोळ्यांना दिसला, तर शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजून संपले आहे. अशा यंत्रात फट तीन मिमी ठेवली तरी ऊस आत गेल्यावर रोलर वर उचलला जातो आणि खरी फट चार-पाच मिमी होते. मग रस कमी निघतो, माणूस बोल्ट आणखी आवळतो, रिकाम्या यंत्रात रोलर एकमेकांना घासू लागतात, आणि उसाखाली पुन्हा उचलले जातात. हे आवळणे कधी संपत नाही. गनमेटलचे नवे बुश बसवून घ्या. शाफ्ट हाताने फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

रसाला लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेस ३०४ चा असू द्या. रसात लिंबू पडते, आणि साधे लोखंड त्या आंबटपणाने काळे पडून रसाचा रंग आणि चव दोन्ही बिघडवते. जस्ताचा मुलामाही आंबटपणापुढे टिकत नाही. बुशाचे ग्रीस रसात उतरू नये म्हणून रोलरच्या दोन्ही टोकांना, बुश आणि रोलर यांच्या मध्ये, थेंब बाहेर टाकणारी कडी लागते. ग्रीस खाद्ययंत्रांसाठीचेच वापरा. गाडीतून काढलेले जळके ऑइल बुशाला घालण्याची रीत आहे, ती पूर्ण बंद करा. ते ऑइल लोकांच्या पोटात जाते.

## पायरी २: दोन फटी, दोन वेगळी कामे

तीन रोलरच्या यंत्रात ऊस दोनदा दाबला जातो. आत शिरताना पहिल्या फटीत तो फुटतो आणि चपटा होतो, बाहेर पडताना दुसऱ्या फटीत पिळला जातो. अनेकजण दोन्ही फटी सारख्या ठेवतात किंवा दोन्ही जमतील तेवढ्या आवळतात. यात पहिली फट ऊस धरत नाही आणि दुसरी रस काढत नाही.

आत शिरायची फट. दोन गोल रोलरांमध्ये जाड वस्तू ठेवली की रोलर तिला ओढतातही आणि मागे ढकलतातही. रोलर लहान आणि ऊस जाड असेल, किंवा फट फार बारीक असेल, तर ढकलणे ओढण्यावर मात करते. ऊस तोंडाशी थुईथुई नाचतो, रोलर त्याची साल खरवडतात, आणि माणूस हाताने जोर लावून तो आत दाबतो. हात अडकण्याचे अपघात इथेच होतात. १०० मिमीच्या रोलरला ३० मिमीचा ऊस ही जवळजवळ हद्द आहे. पहिली फट ८ मिमी ठेवा, रोलरवर दोन-तीन मिमी खोल आडवे खाचे असू द्या आणि उसाचे टोक तिरके कापून घाला. तिरके टोक पातळ असते, ते आधी धरले जाते आणि मागचा ऊस ओढत नेते. त्याहून जाड ऊस उभा चिरूनच घाला.

बाहेर पडायची फट. ही ३ मिमीपासून सुरू करा. तीनच का, ते पाहा. ३० मिमी ऊस कापला तर कापाचे क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस मिमी भरते. पहिल्या दाबात निम्मे वजन रसाच्या रूपाने गेले तर ३५० च्या आसपास उरते. चिपाड पसरून सुमारे ८० मिमी रुंद होते, म्हणजे पट्टीची जाडी चार-साडेचार मिमी. तिला तीन मिमीतून काढले की आणखी पिळले जाते. पण आपण इथे थांबत नाही. चिपाडाची घडी करून, मध्ये आले-लिंबू घालून ते पुन्हा घालतो. आता आठ-नऊ मिमीची घडी त्याच तीन मिमीच्या फटीत शिरते. यंत्रावर सर्वात जास्त ताण येतो तो या क्षणी. पहिल्या उसावर यंत्र चालवून "झकास चालतंय" म्हणणे आणि घडीवर ते बसणे, यामागे एवढेच कारण आहे. फट कायम घडी डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

फट मोजायला पट्टी आत सारून नीट मोजता येत नाही, खाचे आड येतात. शाडूची घट्ट मळलेली माती घ्या, बोटाएवढी वळी करा आणि रोलर हाताने फिरवून तिला फटीतून काढा. चपटी वळी जिथे सर्वात पातळ आहे तिथे व्हर्निअर लावा. कणीक वापरू नका, ती बाहेर आल्यावर फुगते आणि आकडा चुकतो. रोलरच्या डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला एक अशा दोन वळ्या काढा. दोन्हींत अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर रोलर तिरका आहे. तिरक्या रोलरात ऊस एका बाजूला सरकत जातो आणि त्या बाजूचे बुश आधी झिजते. मोजून झाले की रोलर घासून धुवा.

> सावधान: फट बदलली की रोलरांचे दातही एकमेकांपासून दूर किंवा जवळ जातात. १०० मिमीच्या रोलरांत ८ मिमी फट म्हणजे मध्यबिंदूंमध्ये १०८ मिमी, ३ मिमी म्हणजे १०३ मिमी. दात लहान असतील तर १०८ वर ते नुसत्या टोकांनी भिडतात आणि तुटतात, आणि १०३ वर तळाला टेकून आवळतात. रोलरांवरचे गिअर किमान बारा-तेरा मिमी खोल दातांचे घ्या. मोठ्या फटीवरही दात निम्मे तरी एकमेकांत गेलेले दिसले पाहिजेत.

## पायरी ३: किती जोर लागतो, ते अंदाजाने नाही, काट्याने मोजा

ही पायरी जवळजवळ कुणी करत नाही, आणि सगळ्या चुका तिच्या अभावी होतात. खर्च म्हणाल तर एक मीटर लांब पाइप आणि ५० किलोपर्यंत मोजणारा लटकवायचा वजनकाटा.

यंत्रावर आधीच मोटर असेल तर ती काढून टाका किंवा बेल्ट उतरवा. वरच्या रोलरच्या शाफ्टवरचा मोठा गिअर काढा आणि त्या जागी, त्याच चावीवर बसेल असा कॉलर वेल्ड केलेला पाइप चढवा. शाफ्टच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर काटा अडकवायला भोक ठेवा. पाइप उभा धरा, म्हणजे त्याचे स्वतःचे वजन आकड्यात फारसे येत नाही. आता उसाचे टोक फटीत धरवा आणि काट्याने पाइप आडवा, सरळ ओढा. पाइप थोडाच फिरेल, ऊस दोन-अडीच सेंटिमीटर सरकेल, तेवढ्यात आकडा वाचायचा. काढून पुन्हा लावायचा, पुन्हा वाचायचा.

तीन वाचने हवीत: नुसता ऊस पेरावर, दुहेरी घडी पेरावर, आणि घडीत डोळ्याची गाठ फटीत येते तेव्हा. उदाहरणातल्या यंत्राची वाचने अशी धरू: नुसता ऊस १४ किलो, घडी २२ किलो, गाठ ३० किलो. दांडी एक मीटरची असल्याने हेच आकडे किलो-मीटरमध्ये, म्हणजे किलो गुणिले दांडीचे मीटर, रोलरचा पीळ म्हणजे तो फिरवायला लागणारा जोर झाले. चालू यंत्रात गाठ धक्क्याने येते, सावकाश नाही, म्हणून तिच्यावर एक-तृतीयांश वाढवा: ३० चे ४०. यापुढे दोनच आकडे लक्षात ठेवायचे, सतत लागणारे २२ आणि धक्क्याचे ४०.

> तपासा: घडीचे वाचन ३० च्या पुढे गेले तर मोटर वाढवण्याचा विचार करू नका. आधी फट अर्धा मिमी सैल करा, बुशाला ग्रीस द्या आणि परत मोजा. आवळलेल्या बुशातच बराच जोर खाल्ला जातो.

## पायरी ४: रोलरचा वेग ठरवा

मिनिटाला २० फेरे. १०० मिमी रोलरच्या या वेगात ऊस मिनिटाला सव्वासहा मीटर सरकतो, म्हणजे एक मीटर ऊस दहा सेकंदांत पार होतो. मीटरभर जाड उसात साधारण दोन ग्लास रस असतो. तीनदा घातला तरी गिऱ्हाईक अर्ध्या-पाऊण मिनिटाहून जास्त थांबत नाही. एका माणसाच्या गाड्याला याहून वेग लागत नाही, कारण वेळ जातो तो ऊस पुसण्यात, गाळण्यात आणि सुटे पैसे देण्यात.

तरीही चाळीस फेऱ्यांचे यंत्र मागणारे बरेच भेटतात. वेग दुप्पट केला की मोटरही दुप्पट लागते. त्याबरोबर रसाला खाली ओघळायला वेळ मिळत नाही, तो चिपाडाबरोबर पलीकडे जातो आणि चिपाड ओलेच राहते. रस उडतो. आणि बोट धरले गेले तर मागे घ्यायला सवड राहत नाही.

## पायरी ५: गिअरचे गुणोत्तर

चार पोलची साधी मोटर भाराखाली मिनिटाला साधारण १४४० फेरे फिरते. आपल्याला हवेत २०. म्हणजे ७२ पट कमी करायचे. हे एका टप्प्यात होत नाही, तीन टप्प्यांत वाटा:

१. मोटरवर ३ इंची पुली, पुढे ९ इंची: तीन पट. १४४० चे ४८०.

२. १७ दातांचा गिअर ६८ दातांवर: चार पट. ४८० चे १२०.

३. १५ दातांचा गिअर ९० दातांवर, आणि हा ९० दातांचा थेट वरच्या रोलरच्या शाफ्टवर: सहा पट. १२० चे २०.

बेल्ट नेहमी मोटरकडच्या, म्हणजे वेगवान टप्प्यावर ठेवा. तिथे पीळ कमी असतो, आणि काही अडकले तर बेल्ट घसरून गिअर वाचतो. काही कारागीर गिअर आधी घेऊन बेल्ट रोलरकडे ठेवतात. तिथे पीळ इतका असतो की बेल्ट सारखा घसरतो, मग तो ताणून ताणून बुश झिजते. ए सेक्शनचा एक बेल्ट ३ इंची पुलीवर दीड एचपी नीट पेलत नाही. दोन खाचांची पुली आणि दोन बेल्ट घ्या, दोन्ही एकाच वेळी विकत घ्या, नाहीतर नवा तेवढा ताण घेतो आणि जुना नुसता फिरतो.

तयार वर्म गिअरबॉक्स बसवायचा मोह होतो, कारण तो छोटा आणि बंद असतो. चालेल, पण मोठ्या गुणोत्तराचा वर्म मोटरच्या ताकदीतले तीस टक्क्यांच्या आसपास उष्णतेत घालवतो. वर दिलेल्या बेल्ट आणि दातांच्या व्यवस्थेत एकूण वीस टक्के जातात असे धरा. वर्म घेणार असाल तर पुढच्या पायरीतले ०.८ काढून ०.६५ घाला आणि मोटर त्याप्रमाणे मोठी घ्या.

उघड्या गिअरांवर पत्र्याचे पूर्ण झाकण हवेच, मागून आणि खालूनही. साडीचा पदर, गमछा किंवा गाड्याखाली शिरलेल्या पोराचा हात यात जाऊ शकतो.

## पायरी ६: आता मोटर

हिशोब एका ओळीचा आहे:

अश्वशक्ती = रोलरचा पीळ (किलो-मीटर) × रोलरचे फेरे ÷ ७१६

२२ × २० ÷ ७१६ = ०.६१. वाटेत वीस टक्के जातात, म्हणून ०.८ ने भागा: ०.७७. गाठी, दिवसभराचा भार आणि उन्हाळा यांसाठी दीड पट: १.१५. बाजारात यापुढचे माप दीड एचपी.

इथे हमखास ऐकू येते, "०.७७ लागते तर एक एचपी पुरते की!" मोटर पुरी व्होल्टेजवर चालली असती तर बऱ्याच अंशी खरे होते. पण धक्क्याचा ४० हा आकडा आणि दुपारचे १८० व्होल्ट आठवा.

एक एचपीची मोटर २० फेऱ्यांना, वाटेतली घट वजा जाता, रोलरवर सुमारे २९ किलो-मीटर पीळ सतत देते. थांबण्याआधी क्षणभर ती साधारण दुप्पट, ५७ पर्यंत जाऊ शकते. ५७ हे ४० पेक्षा जास्त, म्हणून वर्कशॉपमध्ये २३० व्होल्टवर यंत्र गाठ गिळते आणि सगळे खूश होतात. पण या मोटरांचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. १८० भागिले २३० चा वर्ग ०.६१. म्हणजे ५७ चे ३५ उरतात. गाठीला ४० हवेत. मोटर घुमते आणि बसते. वर्कशॉपवाला म्हणतो यंत्र चांगले आहे, गाडेवाला म्हणतो फसवले, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

दीड एचपीची मोटर क्षणभर ८६ पर्यंत जाते आणि १८० व्होल्टवर ५२ देते. ४० च्या पुढे पुरेशी. म्हणून दीड.

मग तीन एचपी टाकून मोकळे का होऊ नये? कारण चमचा, खडा किंवा चिपाडाचा बोळा अडकला की दीडची मोटर थांबते किंवा बेल्ट घसरतो. तीनची थांबत नाही, ती ९० दातांच्या गिअरचे दात सोलते. हात अडकला तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

मोटर सिंगल फेज कपॅसिटर-स्टार्ट घ्या, पंख्यासारखी नुसत्या रनिंग कपॅसिटरवरची नको, तिला सुरुवातीचा जोर नसतो. मोटरला रिव्हर्स स्विच जरूर लावा, अडकलेले चिपाड मागे काढायला तो लागतोच. पण ही मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरत नाही. फिरत असताना स्विच उलटा केला तरी ती त्याच दिशेने फिरत राहते. चालवणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी करून दाखवा.

> सावधान: मोटरची क्षमता साधारण ४० अंश हवेसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत त्याहून जास्त असते, आणि पत्र्याच्या बंद पेटीत तर फारच. मोटरच्या पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा, पंख्याकडची बाजू भिंतीला लावू नका, आणि चिपाडाचा ढीग जाळीवर येऊ देऊ नका.

## पायरी ७: वायर, स्टार्टर आणि अर्थिंग

दीड एचपी मोटर भरल्या भारावर आठ-एक अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. ३० मीटरवर १ चौरस मिमीची तांब्याची वायर टाकली तर जाऊन-येऊन ६० मीटर होते आणि सुरू होतानाच्या ४० अँपिअरला वायरीतच ४३ व्होल्ट पडतात. १८० चे १३७ उरले तर मोटर उठणार कुठून? २.५ चौरस मिमीमध्ये हीच घट १८ व्होल्टवर येते. पैसे वाचवायचे असतील तर गाडा बोर्डाजवळ उभा करा, वायर बारीक घेऊ नका.

साध्या स्विचऐवजी पुश बटणाचा स्टार्टर लावा, शेतातल्या मोटरला असतो तसा. वीज गेली की तो आपोआप सुटतो आणि आल्यावर बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. लोडशेडिंगमध्ये वीज गेली असताना कुणी रोलरांतले चिपाड बोटाने ओढत असेल आणि तेवढ्यात वीज आली, तर साधा स्विच त्याचा हात घेईल. स्टार्टरचा ओव्हरलोड मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर बसवा. तो वारंवार पडतो म्हणून वाढवत नेऊ नका. तो का पडतो ते पायरी ३ मध्ये शोधा.

गाड्याखालची जमीन दिवसभर ओली असते आणि चालवणारा अनेकदा स्लीपरवर असतो. अर्थिंग गाड्याच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने घट्ट जोडा आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवा.

घरगुती इन्व्हर्टरवर हे चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. सुरू होतानाचे ४० अँपिअर तो देऊ शकत नाही. वीज फारच जात असेल तर पर्याय म्हणून बेल्टच्या टप्प्यावर छोटे इंजिन जोडता येईल अशी जागा सांगाड्यात आधीच ठेवून घ्या. इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे पुली मात्र बदलावी लागेल.

## पायरी ८: तोंडाची नळी

ऊस घालायची नळी किमान कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची, साधारण ४५ सेंटिमीटर, आणि तोंड चिपाडाची घडी जेमतेम जाईल एवढेच. ऊस लांब असतो, त्याला हात दूर राहतो. घडी आखूड असते, ती ढकलायला हात आत जातो. घडीसाठी लाकडी दांडका गाड्याला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे तो हरवला हे निमित्त राहणार नाही. लाल बंद-बटण नळीच्या अगदी बाजूला, दुसऱ्या हाताने न बघता दाबता येईल असे हवे.

## पायरी ९: गाड्याच्या जागी, भर दुपारी चाचणी

वर्कशॉपमधली चाचणी धरू नका. गाडा त्याच्या जागी न्या, दुपारचे व्होल्टेज पडू द्या, आणि मोटरच्या एका वायरवर क्लॅम्प मीटर लावा.

आधी यंत्र दहा मिनिटे रिकामे फिरवा. बुश हाताला चटका देईल इतके तापले तर ते आवळलेले आहे, पुढे जाऊ नका. मग दोन किलो सोललेला, पुसलेला ऊस वजन करून घ्या आणि नेहमीच्या पद्धतीने तीनदा घाला. रसाचे वजन करा आणि घडीच्या वेळचा सर्वात मोठा अँपिअर लिहा. आता बाहेरच्या फटीचा बोल्ट दोन्ही बाजूंना सारखा पाव फेरा आवळा. १६ मिमीच्या नेहमीच्या बोल्टला पाव फेऱ्यात अर्धा मिमी फरक पडतो. पुन्हा दोन किलो.

उदाहरणातल्या यंत्रावर चित्र असे दिसेल: ३ मिमीवर १ किलो १०० ग्रॅम रस आणि सात अँपिअर. अडीच मिमीवर १ किलो १७० ग्रॅम आणि आठ. दोन मिमीवर १ किलो १९० ग्रॅम आणि दहा. शेवटच्या पाव फेऱ्याने वीस ग्रॅम रस वाढला आणि मोटर पाटीवरच्या आकड्याबाहेर गेली. म्हणजे फट अडीचवर ठेवायची. त्या वीस ग्रॅममध्ये सालीचा रंग आणि कडसरपणाही जास्त असतो. छोट्या यंत्रात ५५ ते ६० टक्के रस म्हणजे काम झाले. त्याहून जास्तीचा आग्रह बुश आणि दात यांच्या पैशातून भागवावा लागतो.

बोल्ट ठरला की चेकनट आवळा आणि बोल्ट व फ्रेम यांवर रंगाची एकच रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली म्हणजे बोल्ट सैल झाला.

## चालू असताना बिघाड कसा ओळखायचा

यंत्र घुमते पण फिरत नाही, तर आधी व्होल्टेज पाहा, मग कपॅसिटर. रिकामे फिरते पण घडीवर बसते, तर वायर बारीक आहे किंवा बेल्ट सैल. बसताना बेल्टाचा जळका वास आला तर बेल्ट, वास न येता मोटर घुमली तर वीज.

चिपाड ओले येते आणि अँपिअर पूर्वीपेक्षा कमी दाखवतात, तर फट उघडली आहे. बोल्टाची रेघ जागेवर असेल तर दोष बुशात, पहार घालून पाहा. चिपाड ओले आणि अँपिअर मात्र वाढलेले असतील, तर जोर रसात न जाता घासण्यात जातो आहे: कोरडे बुश, तिरका रोलर किंवा तळाला टेकलेले दात.

दर फेऱ्याला एकदाच "टक" असा आवाज आला तर एक दात गेला आहे. तो आवाज मिनिटाला २० वेळा आला तर ९० दातांच्या गिअरवर किंवा रोलरवर, आणि १२० वेळा आला तर मधल्या शाफ्टवर. घड्याळ लावून मोजा, म्हणजे सगळे यंत्र उघडावे लागणार नाही.

नव्या यंत्राचे बुश पहिल्या आठवड्यात बसतात, त्यामुळे आठ दिवसांनी शाडूची वळी पुन्हा काढा, बेल्ट पुन्हा ताणा, आणि दोन किलो उसाची चाचणी त्याच दुपारच्या वेळी परत घेऊन आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.